पंखा ढकलल्याशिवाय फिरत नाही: वाइंडिंग गेलं की कंडेन्सर?

प्रश्न: आमच्या बाहेरच्या खोलीतला ४८ इंची पंखा बटण दाबलं की नुसता घूंघूं करतो. झाडूच्या दांड्यानं पातं ढकललं की हळूहळू फिरायला लागतो, पण पूर्वीसारखा वारा नाही. सकाळी कधीकधी आपोआप सुरू होतो, संध्याकाळी मात्र नाहीच. पंखा आठ-नऊ वर्षांचा आहे, घर पत्र्याचं, सोलापुरात साखर पेठेत. ओळखीचे एक जण म्हणाले, वाइंडिंग गेलंय, नवीन घ्या. खरंच तसं आहे का? घरी तपासून कंडेन्सर बदलता येईल का?

उत्तर: तुमच्या लिहिण्यातलं "सकाळी कधीकधी आपोआप सुरू होतो" हे वाक्य फार कामाचं आहे. ढकलल्यावर पंखा फिरतो, म्हणजे रनिंग वाइंडिंग बहुतेक शाबूत आहे. ते तुटलं असतं तर पंखा आपणहून कधीच उठला नसता. स्टार्टिंग वाइंडिंग तुटलेलं असेल तर पंखा ढकलल्यावर फिरतो खरा, पण मग सकाळ काय नि संध्याकाळ काय, आपणहून कधीच उठणार नाही. तुमचा अधूनमधून उठतो. तेव्हा नवीन पंख्याचं एवढ्यात नका काढू. बहुतेक कंडेन्सर उतरलाय, म्हणजे मेलेला नाही, पण अर्ध्यावर आलाय. तरी खात्री करून मगच हात घाला, कारण बेअरिंग जड झालं किंवा एखादा जोड सैल असला तरी पंखा असाच वागतो.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. पंख्यात दोन वाइंडिंग असतात. रनिंग वाइंडिंग सरळ लाइनवर असतं, पण एकट्यानं ते चुंबक फक्त मागंपुढं हलवतं, त्याला दिशा नसते. सायकलचं पॅडल अगदी वरच्या टोकाला उभं असताना कितीही जोर दिला तरी चाक हलत नाही, तसं. दुसऱ्या, म्हणजे स्टार्टिंग वाइंडिंगच्या वाटेत कंडेन्सर बसवलेला असतो. त्याच्यामुळं त्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढं सरकतो आणि दोघं मिळून फिरतं चुंबक तयार करतात. पंख्याचा कंडेन्सर सुरू करून देऊन बाजूला होत नाही, पंखा चालू असेपर्यंत तो कामावरच असतो. म्हणून तो उतरला की सुरुवात तर अडतेच, वर वारासुद्धा कमी होतो. तुम्ही दोन्ही लिहिलंय.

आता सकाळ-संध्याकाळचं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. २३० ऐवजी १९५ व्होल्ट आले तर जोर निम्म्यानं जात नाही, पण ७२ टक्क्यांवर येतो. आपल्याकडं एप्रिल-मेच्या संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू असतात, पेठांमधून यंत्रमागही चालू असतात, त्यामुळं लाइनच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज असं पडणं नवं नाही. धडधाकट कंडेन्सरचा पंखा १९५ व्होल्टवर थोडा रेंगाळतो, पण उठतो. कंडेन्सर आधीच अर्ध्यावर असेल तर सकाळच्या चांगल्या व्होल्टेजला कसाबसा उठतो आणि संध्याकाळी बसून राहतो. त्यामुळं "संध्याकाळीच होतं म्हणजे लाइटचा प्रॉब्लेम" असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच खोलीतला किंवा शेजारच्या खोलीतला दुसरा पंखा त्याच वेळी नीट सुरू होत असेल, तर दोष या पंख्यातच आहे.

शिडी लावायच्या आधी जमिनीवरूनच तीन गोष्टी बघा.

पहिली, बेअरिंग. बटण बंद करा आणि दांड्यानं पातं हलकं ढकला. चांगला पंखा आवाज न करता आरामात चार-पाच फेरे मारतो आणि हळूहळू थांबतो. अर्ध्या फेऱ्यात अडखळून थांबला किंवा आतून खरखर आली, तर बेअरिंगचं काम आहे, कंडेन्सर बदलून काही होणार नाही. आपल्या पूर्व भागात ज्यांच्या घरातच माग आहे, तिथं ही शक्यता जास्त. कापसाची बारीक रुई वर चढते, बेअरिंगच्या ग्रीसमध्ये बसते आणि त्याचा घट्ट गोळा होतो. सांगायचं म्हणजे, बाहेरून तेल सोडून काही होत नाही. तेल खाली वाइंडिंगवर ओघळतं आणि रुई आणखी चिकटते. मोटर उतरवून दोन्ही बेअरिंग बदलायची.

दुसरी, रेग्युलेटर. तो पाचवर ठेवा. हल्लीच्या स्टेप रेग्युलेटरमध्ये पाच नंबरला लाइन सरळ पंख्याला जाते, खालच्या नंबरांना मधे कंडेन्सर किंवा रेझिस्टन्स येतो. पंखा पाचवर झटकन उठत असेल आणि एक-दोनवरच अडत असेल, तर रेग्युलेटरचा संशय धरा. पाचवरही घूंघूं करत असेल तर रेग्युलेटर बहुतेक निर्दोष आहे. त्यातलं पाचचं पॉइंटही कधी जळकं असतं, पण ते नंतर बघता येईल.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला मीटर लागत नाही. आपले छताचे पंखे खालून बघितले तर घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात. बटण बंद ठेवून दांड्यानं पातं मुद्दाम चुकीच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवा आणि ते हळू फिरत असतानाच कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आता काय होतं ते नीट बघा. पंखा त्याच चुकीच्या दिशेनं वेग घेत गेला, तर स्टार्टिंग वाइंडिंगकडून काहीच मदत येत नाहीये: कंडेन्सर पूर्ण गेलाय, त्याची वायर सुटलीय किंवा ते वाइंडिंगच तुटलंय. पंखा कुरकुरत थांबला आणि उलटा फिरून योग्य दिशेला लागला, तर कंडेन्सरमध्ये थोडा जीव आहे, पण कमी आहे. सकाळी करून बघितलं तर तुमच्याकडं बहुधा हा दुसरा प्रकार दिसेल. पोरांना खोलीबाहेर काढा. बटण चालू असताना पात्याला हात तर नाहीच, दांडाही लावायचा नाही, ढकलणं नेहमी बटण बंद असतानाच. आणि पंखा न फिरता घूंघूं करत असेल तर अर्ध्या मिनिटात बंद करा. उभ्या मोटरला हवा लागत नाही आणि करंट मात्र जातच असतो. शंभराच्या आतल्या कंडेन्सरसाठी असंच चांगलं वाइंडिंग जळतं.

आता वर चढणं. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगच्या घरांमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असलं तरी वर फेज उभा असतो. एमसीबी पाडा, नाहीतर मेन बंद करा, आणि वर गेल्यावर पंख्याच्या कनेक्टरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून बघा. तो टेस्टर आधी खाली चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो की नाही ते बघून घ्या, कारण बिघडलेला टेस्टर काय, सगळंच बंद दाखवतो. स्टूलवर स्टूल ठेवू नका, शिडी घ्या आणि खाली एक माणूस उभा करा.

रॉडच्या खालच्या टोकाला, मोटरच्या डोक्यावर, एक प्लॅस्टिकची वाटी असते. तिचा स्क्रू सैल केला की ती रॉडवरून वर सरकते. आत कनेक्टर आणि काळा किंवा पांढरा, दोन वायरींचा डबा दिसेल. तोच कंडेन्सर. काही सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती वायर कुठं लागलीय ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. मग डबा न्याहाळा. तो फुगलाय, तडकलाय किंवा त्यातून चिकट काही ओघळलंय, तर मोजायचीही गरज नाही. पण बाहेरून नवाकोरा दिसला म्हणून चांगला समजू नका, उतरलेले बरेचसे कंडेन्सर दिसायला ठणठणीत असतात. दोन्ही वायरी जोडापाशी हलवूनही बघा. एखादी सैल निघाली, टोक काळं पडलेलं असलं, तर ते कापून साफ करून घट्ट बसवा आणि आधी पंखा चालवून बघा. कधीकधी एवढ्यावरच काम होतं.

कंडेन्सर सोडण्याआधी त्याच्या दोन टोकांवर लाकडी मुठीच्या किंवा प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं क्षणभर टेकवा. सहसा काही होत नाही, कारण बंद पंख्यात तो दोन्ही वाइंडिंगमधून आपोआप रिकामा होतो. पण वाइंडिंग तुटलेलं असेल तर त्यात ३२५ व्होल्टपर्यंत भरलेलं राहू शकतं. एवढ्याशा कंडेन्सरचा झटका जिवावर बेतत नाही, पण शिडीवर उभ्या माणसाचा तोल नक्की घालवतो.

तपासायचं कसं? आपल्याकडं बरेच जण कंडेन्सरच्या वायरी सॉकेटमध्ये घालून काढतात आणि टोकाला टोक लावून ठिणगी बघतात. चट्ट आवाज आला की "चांगला आहे". ही पद्धत सोडून द्या. धोका तर आहेच, शिवाय ती खोटंही बोलते. एसी लाइन सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते. वायर नेमकी त्या क्षणी बाहेर निघाली तर चांगला कंडेन्सरही रिकामा निघतो, ठिणगी पडत नाही आणि तो फुकट फेकला जातो. उलट अर्ध्यावर आलेला कंडेन्सर, म्हणजे तुमच्याकडचा जो संशयित आहे तोच, मस्त ठिणगी देतो आणि पास होतो. ठिणगी फक्त तो जिवंत आहे एवढंच सांगते, किती उरलाय ते सांगत नाही.

त्यासाठी कपॅसिटन्स मोजणारा डिजिटल मीटर लागतो. साध्या मीटरमध्ये ती सोय नसते, घेताना बघून घ्या किंवा दुकानदाराकडं मोजून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. कंडेन्सरच्या दोन्ही वायरी पंख्यापासून मोकळ्या करून मोजायचं. दोन्ही वायरी लागलेल्या राहिल्या तर मधे वाइंडिंग येतं आणि आकडा भलताच दिसतो. डब्यावर बहुतेक २.५ एमएफडी लिहिलेलं असेल आणि पुढं अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे नवा असताना तो २.३८ ते २.६३ च्या दरम्यान असला पाहिजे. वापरलेला २.२ च्या खाली गेला की मी बदलतो. २.२ वर पंखा फिरतो, वारा थोडा कमी असतो इतकंच, पण उतरायला लागलेला कंडेन्सर पुन्हा चढत नाही.

अशोक चौकाजवळच्या एका घरातला पंखा सांगतो, तुमच्याशी पुष्कळ जुळतो. ४८ इंची, पत्र्याखाली, संध्याकाळी ढकलावा लागणारा. बेअरिंग मोकळी होती. उलट्या दिशेच्या परीक्षेत तो थांबून परत सरळ फिरला. संध्याकाळी सॉकेटवर २०२ व्होल्ट होते, म्हणजे नेहमीच्या ७७ टक्के जोर. कंडेन्सर काढून मोजला तर २.५ च्या जागी १.४१. सुरुवातीचा जोर ढोबळमानानं कंडेन्सरच्या प्रमाणात धरला तर तो ५६ टक्क्यांवर आला, आणि त्याचे ७७ टक्के म्हणजे मूळच्या साधारण ४३ टक्के. एवढ्यावर पंखा उठेल कसा? नवा कंडेन्सर खालीच मोजून घेतला, २.५३ आला. बसवल्यावर त्याच २०२ व्होल्टवर पंखा बटण दाबताच फिरला आणि रेग्युलेटरच्या दोनवरही अडला नाही.

मीटरवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही. तो दोन-चार व्होल्टवर मोजतो, पंख्यात मात्र कंडेन्सरवर लाइनपेक्षाही जास्त व्होल्टेज येतं. काही कंडेन्सर मीटरवर २.४ दाखवतात आणि गरम झाल्यावर पूर्ण व्होल्टेजला ढेपाळतात. पंखा सुरू होतो, तासाभरानं मंदावतो, असं असेल तर मीटर काहीही म्हणो, नवा कंडेन्सर लावून बघणं हाच निकाल.

नवा घेताना जुना डबा बरोबर न्या. नुसतं "पंख्याचा कंडेन्सर" म्हणू नका, "अडीचचा, ४४० व्होल्टचा" म्हणून मागा. ४४० यासाठी की आत्ता सांगितल्याप्रमाणं त्याच्यावर २३० पेक्षा बरंच जास्त व्होल्टेज येतं, २५० व्होल्टचा डबा तिथं टिकत नाही. तपमानाचा आकडाही बघा. ७० अंशाचा आणि ८५ अंशाचा असे दोन्ही मिळतात. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश, त्यात पत्र्याखालची हवा आणि खाली गरम मोटर, तेव्हा ८५ चाच घ्या. आतली प्लॅस्टिकची फिल्म उष्णतेनं आणि व्होल्टेजच्या फटक्यानं ठिकठिकाणी जळते आणि प्रत्येक ठिकाणी थोडी क्षमता कमी होत जाते. म्हणूनच पत्र्याच्या घरातला कंडेन्सर स्लॅबच्या घरातल्यापेक्षा लवकर उतरतो. लेबलवरचा आकडा पुसला असेल तर मोटरच्या पट्टीवर तो बघा, काही पंख्यांना ३.१५ चाही लागतो.

एक मोह टाळा. "अडीचच्या जागी चारचा टाका, वारा वाढेल" असं सांगणारे भेटतील. पहिल्या दिवशी फरक जाणवेलही. पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट कायमचा वाहायला लागतो, मोटर घुमते, गरम होते आणि एखाद्या उन्हाळ्यात वाइंडिंग जळतं. जो आकडा लिहिलाय तोच बसवायचा.

बसवणं सोपं आहे. या कंडेन्सरला अधिक-उणे बाजू नसते, त्यामुळं त्याच्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी चालतं. पण त्या जुन्याच्याच दोन जागी लागल्या पाहिजेत. चुकून कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगच्या वाटेत गेला तर पंखा उलटा फिरतो आणि वारा वर छताला जातो. तसं झालं तर घाबरू नका, फोटो बघून दुरुस्त करा. जोड कनेक्टरमध्येच घट्ट करा, नुसतं पिळून टेप गुंडाळू नका, थरथरीनं ते सैल होतं. डबा त्याच्या क्लिपमध्ये बसवा, वायर फिरत्या भागाला लागत नाही ना ते पातं हातानं फिरवून बघा, मग वाटी खाली घेऊन स्क्रू आवळा. वर आहातच, तर रॉडचे नट-बोल्ट आणि त्यातल्या पिना जागेवर आहेत का तेही बघून घ्या.

एमसीबी चढवून संध्याकाळीच चालवून बघा, कारण खरी परीक्षा कमी व्होल्टेजलाच आहे. आधी पाचवर, मग दोनवर.

नवा कंडेन्सर टाकूनही तेच चालू राहिलं तर वाइंडिंगकडं वळायचं. मेन बंद करा आणि मोटरमधून येणाऱ्या तीन वायरी कनेक्टरमधून सोडवून मीटरवर ओहम मोजा, दोन-दोनच्या तीन जोड्या. समजा एका जोडीत १८०, दुसरीत २२० आणि तिसरीत ४०० आलं, तर पहिल्या दोघांची बेरीज तिसरी आहे, हिशोब जुळला. आकडे पंख्यागणिक वेगळे असतात, बेरीज जुळणं महत्त्वाचं. एखाद्या वायरीबरोबर दोन्ही जोड्या उघड्या दाखवल्या, म्हणजे मीटर आकडाच देत नसेल, तर त्या वायरीचं वाइंडिंग तुटलंय. बेरीज जुळते, बेअरिंग मोकळी आहे, कंडेन्सर नवा आहे, तरी पंखा मंद आहे आणि दहा मिनिटांत मोटरच्या खोक्याला हात लावून ठेवता येत नाही इतका चटका बसतो किंवा करपल्याचा वास येतो, तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत, ते ओहमवर धड दिसत नाही. तेव्हा तुमचे ओळखीचे बरोबर होते असं समजा, आणि रिवाइंडिंगवाल्याला भाव विचारताना तांब्याच्या तारेचा वेगळा आणि अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा विचारा.